फ्रेंच ‘जरी-तरी’ची कुळकथा

फ्रेंच भाषेचा अभ्यास करणारा विद्यार्थी प्राथमिक धडे संपवून कांहींसा पुढें गेला, म्हणजे त्याला एक चमत्कारिक नियम भेटतो. ‘तो श्रीमंत आहे’ या अर्थाचें ‘इल ए रीश’ हें वाक्य त्याला पाठ झालेलें असतें. ‘तो दुःखी आहे’ याला ‘इल ए त्रीस्त’ म्हणतात, हेंही त्यास ठाऊक असतें. आतां हीं दोन वाक्यें जोडून ‘तो श्रीमंत असला तरी दुःखी आहे’ असें त्याला म्हणावयाचें असतें. ‘जरी’ या अर्थाचा फ्रेंच शब्दसमूह ‘बिएँ क’. तो पुढील ‘इल’शीं मिळून ‘बिएँ किल’ होतो. म्हणून विद्यार्थी ‘बिएँ किल ए रीश’ असें लिहितो, आणि शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. ‘ए’ नव्हे, ‘स्वा’ पाहिजे. ‘बिएँ किल स्वा रीश, इल ए त्रीस्त’ हें शुद्ध वाक्य.

हें ‘स्वा’ म्हणजे त्याच क्रियापदाचें सब्जंक्टिव्ह रूप होय. साधें विधान करणारें जें रूप, त्याला इंग्रजींत इंडिकेटिव्ह आणि मराठी व्याकरणांत स्वार्थ म्हणतात. सब्जंक्टिव्हला मराठींत नेमका जोड नाहीं. इच्छा, भीति, संशय, संभव असें जें केवळ मनांत आहे, प्रत्यक्षांत आहे असें सांगितलेलें नाहीं, त्यासाठीं तें रूप वापरावें, असें क्रमिक पुस्तकांत शिकवितात. विद्यार्थ्याची अडचण येथेंच उभी राहते. तो मनुष्य श्रीमंत आहे यांत संशय कोणता? त्याचा वाडा समोर दिसतो आहे, गाडी दारांत उभी आहे. मग इतक्या निश्चित गोष्टीसाठीं अनिश्चिततेचें रूप कां? ‘नियम आहे’ एवढें उत्तर बहुधा त्याला मिळतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. या नियमाला सात-आठ शतकांचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावांचून नियमाचा अर्थ उलगडत नाहीं.

इतिहासाकडे वळण्यापूर्वीं मराठी वाक्याकडेच एकदां नीट पाहिलें पाहिजे. ‘तो श्रीमंत असला तरी’ या शब्दांत ‘असला’ हें रूप दिसावयास भूतकाळी आहे. तरी तो पूर्वीं श्रीमंत होता आणि आतां नाहीं, असा अर्थ कोणीही करीत नाहीं. ‘आहे’ या शब्दांत जो ठामपणा आहे, तो ‘असला’मध्यें नाहीं; हाच त्या दोहोंमधील भेद. बोलणारा श्रीमंती नाकारीत नाहीं, परंतु ती ठासून सांगतही नाहीं. ती तो बाजूला ठेवतो, आणि जें ठासून सांगावयाचें तें ‘तरी’च्या पुढें सांगतो. मराठी वैयाकरणांनीं ‘जर-तर’ आणि ‘जरी-तरी’ या दोन्ही जोड्या संकेताच्या एकाच सदरांत घातल्या, त्याचें मर्मही हेंच आहे. दुसरा एक प्रकार ‘कोणी कांहीं म्हणो’, ‘पाऊस पडो वा न पडो’ असा आहे. तेथें तर ‘पडो’ हें इच्छेचें, अनुज्ञेचें रूप उघड उघड आलें आहे. ‘असला’ आणि ‘असो’ हीं दोन रूपें मनांत ठेवलीं, म्हणजे फ्रेंच ‘स्वा’ फारसा परका वाटत नाहीं.

फ्रेंच ही लॅटिनची कन्या. लॅटिनमध्यें ‘जरी’ या अर्थाचे अनेक शब्द होते, आणि त्यांत कामाची वांटणी होती. ‘क्वाम्क्वाम्’ हा शब्द घडलेल्या, मान्य असलेल्या गोष्टीसाठीं. त्याच्यापुढें उत्तम लेखक स्वार्थ वापरीत. ‘क्वाम्विस्’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘तुला वाटेल तितकें’ असा. त्याच्यापुढें सब्जंक्टिव्ह येई. ‘लिकेत्’ म्हणजे ‘परवानगी आहे’, त्याच्यापुढेंही सब्जंक्टिव्हच. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटांत इच्छा किंवा अनुज्ञा, त्याच्यामागें सब्जंक्टिव्ह, अशी ती व्यवस्था होती. पुढील काळांत ती ढिली झाली आणि या शब्दांची सरमिसळ झाली. शेवटीं यांपैकीं एकही शब्द फ्रेंचमध्यें उतरला नाहीं. मुलीनें आईचे सर्व दागिने मोडले आणि घरांतल्या सोन्याचे नवे घडविले, असा हा प्रकार आहे. परंतु घडण पाहिली तर तीच जुनी कल्पना पुन्हां प्रकट झालेली दिसते.

जुन्या फ्रेंचमध्यें ‘झा स्वा स क’ असा एक शब्दसमूह होता. त्याचा शब्दशः अर्थ ‘आधींच असो हें, कीं...’ असा आहे. येथें ‘स्वा’, म्हणजे ‘असो’, त्या ‘जरी’च्या अंगांतच बसलेला आहे. बोलणारा प्रतिपक्षाला म्हणतो, ‘असो बापडें तसें, तरी माझें म्हणणें ऐक.’ हें मान्य करणें वादांतील मान्य करणें आहे. वकील ‘क्षणभर धरून चालूं’ असें म्हणतो, तेव्हां ती गोष्ट खरी कीं खोटी हा प्रश्न तो बाजूस सारतो. तिचा आपल्या निष्कर्षावर परिणाम होत नाहीं, एवढेंच त्याला दाखवावयाचें असतें. हा शब्दसमूह पुढें आकसून ‘झास्वा क’ झाला आणि सतराव्या शतकापर्यंत जुनाट ठरून मागें पडला. त्याच्याबरोबर नांदणारा ‘कोम्बिएँ क’, म्हणजे ‘कितीही’, हाही त्याच सुमारास गेला. मागें राहिले ते मुख्यतः ‘क्वाक’, ‘बिएँ क’ आणि ‘आँकोर क’.

‘क्वाक’ची कथा सर्वांत सरळ आहे. हा मूळचा एक शब्द नव्हे, दोन आहेत. ‘क्वा’ म्हणजे ‘काय’, आणि ‘क’ हा संबंध दाखविणारा शब्द. ‘क्वा किल दीज’ म्हणजे ‘तो कांहींही म्हणो’. तो काय म्हणेल हें येथें मोकळें सोडलेलें आहे. सर्व शक्यता एकदम मान्य केल्या आहेत. म्हणून येथें सब्जंक्टिव्ह अगदीं स्वाभाविक आहे, जसा मराठींत ‘म्हणो’. पुढें हे दोन शब्द जुळून एक झाले, ‘कांहींही’ हा अर्थ विरला आणि नुसता ‘जरी’ उरला. ‘क्वाकिल स्वा रीश’ म्हणजे आतां फक्त ‘तो श्रीमंत असला तरी’. अर्थ बदलला, पण मूळ घरांतून आणलेलें क्रियापदाचें रूप तसेंच राहिलें. घर बदलतांना जुनी तुळशी बरोबर न्यावी, तसें हें झालें.

या जन्मकथेचा व्यवहारांत एक उपद्रव आहे. जोडलेला ‘क्वाक’ आणि तोडलेला ‘क्वा क’ यांचा उच्चार ऐकावयास एकच. लिहितांना मात्र भेद पाळावा लागतो, आणि फ्रेंच मुलेंही येथें चुकतात. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. त्या जागीं ‘बिएँ क’ घालून पाहावें. वाक्य टिकलें, तर ‘क्वाक’ जोडून लिहावा. मोडलें, तर तोडून लिहावा. ‘तो श्रीमंत असला तरी’ येथें ‘बिएँ क’ चालतो, म्हणून जोडावा. ‘तो कांहींही म्हणो’ येथें चालत नाहीं, म्हणून तोडावा. क्रियापद मात्र दोन्हीकडे सब्जंक्टिव्हच राहतें.

‘बिएँ क’मधील ‘बिएँ’ म्हणजे ‘चांगलें’, ‘खुशाल’. ‘खुशाल तसें असो’ ही त्याच्या मुळाशीं असलेली भावना. येथेंही अनुज्ञा आहे, आणि अनुज्ञेचें रूप तिच्यामागून आलें आहे. अशा रीतीनें तीन निरनिराळ्या वाटांनीं निघालेले शब्द एकाच ‘असो’पाशीं येऊन पोहोंचले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हेंच: येथील सब्जंक्टिव्ह संशय दाखवीत नाहीं, मान्यता दाखवितो.

परंतु याचा अर्थ असा नव्हे कीं, फ्रेंच लोक पहिल्यापासून हा नियम एकमुखानें पाळीत आले. सोळाव्या व सतराव्या शतकांतील चांगल्या लेखनांतही ‘बिएँ क’ आणि ‘क्वाक’ यांच्यापुढें स्वार्थ आढळतो. गोष्ट प्रत्यक्ष घडलेली आहे असें ठासून सांगावयाचें असलें, म्हणजे लेखणी सहज ‘ए’कडे वळे. जवळच्या स्पॅनिश भाषेनें ही मोकळीक आजतागायत राखली आहे. तेथें ‘आउंके’ या एकाच शब्दापुढें दोन्ही रूपें येतात. पाऊस पडत आहे ही बातमी द्यावयाची असली तर स्वार्थ, आणि ‘पडो कीं न पडो, मी जाणार’ असें म्हणावयाचें असलें तर सब्जंक्टिव्ह. फ्रेंचलाही ही वाट मोकळी होती. ती तिनें धरली नाहीं.

त्यास कारण सतराव्या शतकांतील भाषाशुद्धीची चळवळ. कार्दिनाल रिशल्य याच्या आश्रयानें 1635 सालीं फ्रेंच अकादमी स्थापन झाली. तिचा एक सभासद वोझला यानें 1647 सालीं फ्रेंच भाषेवरील आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं. दरबारांतील सुबुद्ध लोक जसें बोलतात आणि त्या काळचे सुबुद्ध लेखक जसें लिहितात, तोच शिष्टप्रयोग, ही त्याची कसोटी होती. जेथें दोन रूपें चालत, तेथें एकाची निवड करून दुसऱ्याला रजा द्यावी, ही त्या पिढीची प्रवृत्ति. ‘जरी’च्या वाक्यांत निवड सब्जंक्टिव्हची झाली. पुढें एकोणिसाव्या शतकांत, 1823 सालीं निघालेल्या नोएल आणि शाप्साल यांच्या व्याकरणासारखीं पुस्तकें शाळाशाळांतून घोकलीं जाऊं लागलीं, तेव्हां त्या निवडीला यादीचें स्वरूप आलें. अमुक अव्ययांपुढें सब्जंक्टिव्ह, अमुकांपुढें स्वार्थ. ‘असो’ची आठवण गेली आणि यादी उरली.

यादी पाठ करणाऱ्याला भाषेनेंच एक आडवाट करून दिली आहे. फ्रेंचमधील बहुसंख्य क्रियापदांचें एकवचनी वर्तमानकाळी रूप दोन्ही अर्थीं एकच असतें. ‘तो बोलतो’ म्हणजे ‘इल पार्ल’. ‘तो बोलत असला तरी’ यांतही ‘पार्ल’च. अशा वाक्यांत कोणीं नियम पाळला आणि कोणीं मोडला, हें ओळखतां येत नाहीं. चूक उघडी पडते ती असणें, जवळ असणें, करणें, जाणें, येणें अशा थोड्या, पण रात्रंदिवस लागणाऱ्या क्रियापदांत. म्हणून परीक्षक याच क्रियापदांवर डोळा ठेवतात, आणि विद्यार्थ्यानेंही प्रथम हींच पाठ करावींत.

आतां तिसरा शब्द ‘मालग्रे’. तो या कुळांतील असून नसल्यासारखा आहे, आणि सर्वांत मोठें भांडण त्याच्यावरूनच झालें. ‘माल’ म्हणजे वाईट, ‘ग्रे’ म्हणजे मर्जी. लॅटिन ‘ग्रातुम्’, म्हणजे आवडलेलें, यापासून ‘ग्रे’ आला. ‘मालग्रे’ म्हणजे ‘मर्जीविरुद्ध’. मोलियेरनें 1666 सालीं रंगभूमीवर आणलेल्या प्रहसनाच्या नांवांत हाच शब्द आहे. त्यांतील लांकूडतोड्या ‘मालग्रे ल्वी’, म्हणजे स्वतःच्या मर्जीविरुद्ध, वैद्य होतो. हरि नारायण आपट्यांनीं त्या प्रहसनाला मराठी वेष देतांना ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हें नांव योजिलें. ‘मालग्रे’ची मूळ चव त्या ‘मारून मुटकून’मध्यें पुरेपूर उतरली आहे. पुढें मर्जीची कल्पना पुसट होऊन, मनुष्यच नव्हे तर कोणतीही अडचण या शब्दापुढें येऊं लागली. ‘मालग्रे सा रिशेस, इल ए त्रीस्त’ म्हणजे ‘श्रीमंती असूनही तो दुःखी आहे’. येथें ‘मालग्रे’पुढें नाम आहे, क्रियापद नाहीं, त्यामुळें सब्जंक्टिव्हचा प्रश्नच उद्भवत नाहीं. सावध विद्यार्थ्याला ही मोठी सोय आहे. ज्याला ‘स्वा’ची धास्ती वाटते, त्यानें क्रियापदाचें नाम करावें आणि ‘मालग्रे’चा आश्रय घ्यावा.

पण फ्रेंच माणूस एवढ्यावर थांबला नाहीं. त्याच्या भाषेंत ‘आव्हाँ’ म्हणजे ‘पूर्वीं’, आणि त्याला ‘क’ जोडून वाक्यापुढें लावतां येणारा ‘आव्हाँ क’. तसेंच ‘पूर’पासून ‘पूर क’ आणि ‘साँ’पासून ‘साँ क’. मग ‘मालग्रे’पासून ‘मालग्रे क’ कां होऊं नये? बोलणाऱ्या लोकांनीं तो केलाच, आणि ‘मालग्रे किल स्वा रीश’ असें वाक्य रूढ झालें. व्याकरणकारांनीं त्यावर आक्षेप घेतला. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘मालग्रे क’ हा प्रयोग एकाच ठाशीव वाक्प्रचारांत योग्य आहे. तो म्हणजे ‘मालग्रे क झाँ ने’. याची फोड केली तर ‘त्याबद्दल माझ्या मनांत कितीही नाराजी असो’ असा अर्थ निघतो. येथील ‘मालग्रे’ अजून नाम आहे, ‘क’ त्या नामाशीं संबंध जोडणारें सर्वनाम आहे, आणि ‘ने’मध्यें ‘जवळ असणें’ या क्रियापदाचा सब्जंक्टिव्ह लपला आहे. म्हणजे हा वाक्प्रचार ‘क्वा क’चाच सख्खा भाऊ ठरतो, तेथें ‘कांहींही असो’, येथें ‘कितीही नाराजी असो’. नाराजी माणसाला असते. पावसाला किंवा श्रीमंतीला नसते. म्हणून इतरत्र ‘मालग्रे क’ वापरणें म्हणजे शब्दाच्या अर्थाचा विसर पडणें, असा हा आक्षेप.

आक्षेप तर्कशुद्ध आहे, यांत शंका नाहीं. पण तो पुरेसा आहे काय? विसाव्या शतकांत मार्सेल प्रूस्त आणि आंद्रे झीद यांच्यासारख्या लेखकांनीं हा प्रयोग केला. झीदनें तर टीकाकारांना छापील उत्तर देऊन त्याचें समर्थन केलें. 1936 सालीं बेल्जियममधील मोरिस ग्रव्हीस यानें शिष्टप्रयोगाचें आपलें प्रसिद्ध व्याकरण छापलें. त्याची रीत लेखकांच्या लेखनांतून पुरावे गोळा करण्याची. आणि त्या पुराव्यांत ‘मालग्रे क’ वापरणारे नांवाजलेले लेखक पुष्कळ निघाले. जो न्याय ‘क्वाक’ला मिळाला तोच येथें लावला, तर आक्षेपाचें बळ कमी होतें. ‘क्वाक’ वापरतांना ‘कांहींही’ हा मूळ अर्थ कोणाच्या मनांत असतो? तेथें विस्मरण क्षम्य आणि येथें अक्षम्य, असें कां? तरीही अकादमीचा सल्ला आज देखील हा प्रयोग टाळावा असाच आहे. परीक्षेला बसणाऱ्यानें आणि अर्ज लिहिणाऱ्यानें तो सल्ला मानावा; वाचतांना मात्र या प्रयोगाला अशुद्ध म्हणून नाक मुरडूं नये. आणि कोणी तो वापरलाच, तरी लेखनांत त्याच्यापुढें सब्जंक्टिव्हच ठेवावा; स्वार्थ ठेवला तर एकाऐवजीं दोन दोष पदरांत पडतात.

या कुळाच्या सीमेवर कांहीं शब्द उभे आहेत. त्यांची ओळख नसली तर शिकलेला नियम भलतीकडे लावला जातो. ‘मेम सी’ म्हणजे ‘जर’ला ‘सुद्धां’ची जोड. ‘मेम सिल ए रीश’ असें म्हणतांना सब्जंक्टिव्ह येत नाहीं, कारण ‘सी’, म्हणजे ‘जर’, आपल्यामागें वर्तमानकाळाचा सब्जंक्टिव्ह कधींच घेत नाहीं. गंमत अशी कीं, येथें श्रीमंती खरोखरच अनिश्चित असूं शकते, तरी रूप निश्चयाचें. आणि ‘बिएँ क’मध्यें ती निश्चित, तरी रूप मान्यतेचें. केवळ अर्थावर विसंबणारा विद्यार्थी दोन्हीकडे फसतो. ‘तू रीश किल ए’, म्हणजे ‘एवढा श्रीमंत आहे खरा, तरी’, या रचनेंतही जुना शिष्टप्रयोग स्वार्थाचाच आहे. कारण ‘तू’ म्हणजे ‘पुरता’, आणि पुरतेपणा हें ठाम विधान आहे. अलीकडे मात्र शेजारच्या रचनांच्या अनुकरणानें तेथेंही ‘स्वा’ शिरला आहे. याच्या उलट, वाक्य पुरें झाल्यावर क्षणभर थांबून ‘क्वाक...’ असें म्हणून बोलणारा स्वतःचेंच म्हणणें दुरुस्त करतो, तेव्हां पुढें स्वार्थ येऊं शकतो. मराठींत ‘तो येणार नाहीं. अर्थात्, यायचा देखील,’ असें म्हणतांना जो थांबा असतो, तोच हा. तेथें ‘क्वाक’ मान्यता देत नाहीं. तो नवें विधान सुरू करतो. मान्यता गेली कीं सब्जंक्टिव्हही जातो.

आजच्या बोलीमध्यें ‘बिएँ किल ए’ कानांवर पडतें, विशेषतः घडलेली गोष्ट सांगतांना. चार शतकांपूर्वीं चांगल्या लेखकांच्या लेखणींतूनही जें निसटत होतें, तेंच आज बोलणाऱ्याच्या जिभेवरून निसटतें. लेखनांत मात्र नियम अढळ आहे. म्हणून लाल रेघ ओढणारे शिक्षक चुकत नाहींत. पण त्या रेघेखालीं त्यांनीं एवढेंच लिहावें: येथें ‘आहे’ म्हणावयाचें नाहीं, ‘असो’ म्हणावयाचें आहे. तो मनुष्य श्रीमंत आहे हें सर्वांना ठाऊक आहे. पण या वाक्यांत बोलणाऱ्याला त्याची श्रीमंती सांगावयाची नसून त्याचें दुःख सांगावयाचें आहे.